प्रतिसाद: अक्ष कापलेला स्तंभालेख

«निवडणूक निकालावरच्या प्रश्नात मुद्दाम फसवा आलेख द्यायचाय. मुलांना चूक शोधता येईल असा कसा काढू?»

सर, बीड लोकसभा २०२४ घ्या. विजयी उमेदवाराला ६,८३,९५० मतं, दुसऱ्याला ६,७७,३९७, फरक ६,५५३. पक्ष-नावं काढून 'अ' आणि 'ब' लिहा, नाहीतर वर्गात आलेख बाजूला राहतो अन् राजकारणच रंगतं.

उभा अक्ष शून्याऐवजी ६,७५,००० पासून सुरू करा, १ सेंमी = १,००० मतं. 'अ'चा स्तंभ जवळपास ९ सेंमी, 'ब'चा २.४ सेंमी येतो. डोळ्याला 'अ' पावणेचार पट दिसतो. खरं तर तो १ टक्क्यानेही पुढे नाही. अक्षावरचे आकडे मात्र छापाच. ते लपवले तर मुलांना पुरावाच उरत नाही, नुसता अंदाज उरतो.

उपप्रश्न असे लावा: आधी पट्टीने उंची मोजून गुणोत्तर काढायला सांगा, मग तक्त्यातल्या मतांचं गुणोत्तर, मग दोन्हींत तफावत का पडली ते. 'आलेख चुकीचा आहे' एवढ्याच उत्तराला गुण देऊ नका. अक्ष कुठून सुरू झाला हे आकड्यासह यायला हवं.

शेवटचा उपप्रश्न खरा कस लावतो. शून्यापासून, १ सेंमी = १ लाख मतं धरून तोच आलेख काढायला लावा. दोन्ही स्तंभ ६.८ सेंमीच्या आसपास, फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणजे प्रामाणिक आलेखातूनही मताधिक्य वाचता येत नाही. त्यासाठी आकडा लिहावाच लागतो. हे ज्याला सुचेल त्याला पूर्ण गुण.