मदत हवी आहे: प्रश्नपत्रिकेच्या फोटोवरून विभागवार गुण काढून उजळणीचे तास कसे ठरवायचे?

कोयनाकाठचा

नमस्कार मंडळी,

धाकटी बहीण यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. ती गावी आणि मी पुण्यात. पूर्वपरीक्षेचा विज्ञान भाग १ चा पेपर तिने मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. बोर्डाच्या परीक्षेआधी या विषयाला तिच्याकडे साधारण वीस तास आहेत. कोणत्या विभागाला आणि कोणत्या धड्याला किती गुण आहेत ते काढून त्या हिशोबाने तास वाटून द्यायचे, असं माझ्या मनात आहे.

अडचणी दोन आहेत. फोटोतला मजकूर मोबाईलवरून कॉपी केला तर प्रश्न बरे येतात, पण उजव्या कडेला छापलेले गुण गळतात. काही शेवटी एकत्र गोळा होऊन येतात, मग कुठला आकडा कुठल्या प्रश्नाचा ते कळत नाही. पान २ वरचे तर दिसतच नाहीत. दुसरं म्हणजे पेपर ४० गुणांचा आहे आणि उपप्रश्नांची बेरीज ६० येते. तास वाटताना ४० धरायचे की ६०?

असे आणखी दोन-तीन शाळांचे पेपर ती मिळवणार आहे, म्हणून जरा नीट पद्धत बसवायची आहे.

सदाफुली

दहावीला उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते, पण त्यासाठी निकालानंतर अर्ज करावा लागतो. पूर्वपरीक्षेचं शाळेतच विचारा, बाई पेपर दाखवतात. कुठल्या प्रश्नात गुण कापले ते त्यावर लिहिलेलं असतं.

कोयनाकाठचा

ताई, मिळालेले गुण नकोत. छापील प्रश्नपत्रिकेत कुठल्या प्रश्नाला किती गुण ठेवलेत ते हवं आहे.

सदाफुली

अच्छा, मग माझं उत्तर सोडून द्या. धागा वाचते आहे, माझा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला.

राजा पिंपळे

इतकं काही अवघड नाही. गूगल लेन्सने मजकूर उचला, एक्सेलमध्ये टाका, प्रत्येक उपप्रश्नापुढे धडा आणि गुण लिहा, धड्यानुसार बेरीज करा. बेरजेला ६० ने भागा आणि २० तासांनी गुणा. झाले तास. ४० चा विचारच करायचा नाही, कारण मुलीला कुठला प्रश्न सोडायचा ते आधी माहीत नसतं.

गणूमास्तर

राजाभाऊंची धडा लिहायची कल्पना बरोबर आहे. ६० ने भागण्यात मात्र एक गोम आहे, तिच्याकडे नंतर येतो. आधी फोटो.

पान २ वरचे गुण का दिसत नाहीत? पेपर म्हणजे मधोमध दुमडलेला मोठा कागद असेल. तो उघडला की पान २ डावीकडे येतं आणि त्याची उजवी कड नेमकी घडीत जाते. गुण तिथेच छापलेले असतात. बहिणीला सांगा, घडी उलटी मोडून कागद टेबलावर सपाट कर आणि पान २ चा फोटो वेगळा घे. खिडकीच्या उजेडात, मोबाईल कागदाला समांतर, चारही कडा फोटोत आल्या पाहिजेत. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि कडेचा एकटा आकडा पुसट होतो.

पण नवा फोटो येईपर्यंत अडून राहू नका. गुण फक्त कडेला नसतात, सूचनेतही असतात. या पेपरचा साचा असा:

प्र. १ (अ) पाच उपप्रश्न, प्रत्येकी १, गुण ५
प्र. १ (ब) पाच उपप्रश्न, प्रत्येकी १, गुण ५
प्र. २ (अ) शास्त्रीय कारणे, तिनातले कोणतेही दोन, गुण ४
प्र. २ (ब) पाचातले कोणतेही तीन, गुण ६
प्र. ३ आठातले कोणतेही पाच, गुण १५
प्र. ४ दोनातला कोणताही एक, गुण ५

आता समजा प्र. २ (ब) चा आकडा घडीत गेला. बाकीच्यांची बेरीज ३४ होते, पेपर ४० चा, म्हणजे तो ६. सूचनेत 'कोणतेही तीन' आहे, त्यावरून प्रत्येकी २. दोन्ही बाजूंनी जुळलं की आकडा पक्का. दोन आकडे गेले असतील तर नुसती बेरीज पुरत नाही, तिथे सूचनेतली संख्याच कामाला येते. म्हणून मजकूर उचलताना 'कोणतेही पाच' ही ओळ हरवू देऊ नका. कडेच्या आकड्यापेक्षा ती जास्त सांगते.

मेघना अत्रे

मी संगणकावर असे जुने पेपर उतरवते. एकाच पेपरसाठी हे सहा आकडे हातानेच लिहा, पाच मिनिटांचं काम आहे. तीन-चार पेपर असतील तर टेसरॅक्ट वापरा, फोटोतला मजकूर वाचून देणारा प्रोग्राम आहे. मराठीची भाषाफाईल `mar` वेगळी टाकावी लागते.

गुण शेवटी गोळा होतात याचं कारण मधली मोठी मोकळी जागा. प्रोग्रामला वाटतं की उजवीकडे दुसरा स्तंभ आहे, मग तो आधी डावा स्तंभ संपवतो. एकटा आकडा कधीकधी डाग समजून टाकूनही देतो. म्हणून मजकुराबरोबर प्रत्येक शब्दाची पानावरची जागाही काढून घ्यायची:

```
tesseract pan2.jpg pan2 -l mar+eng --psm 6 tsv
```

यातून `pan2.tsv` मिळते. ती एक्सेलमध्ये उघडा. `left` म्हणजे शब्द डाव्या कडेपासून किती पिक्सेलवर आहे, `top` म्हणजे वरून किती. फोटो २४८० पिक्सेल रुंद असेल तर `left` २१०० च्या पुढचे शब्द तेवढे वेगळे काढा आणि `top` प्रमाणे लावा. कडेचे गुण वरून खाली क्रमाने मिळतात. ज्या प्रश्नाचा `top` जवळपास तोच, त्याचा तो आकडा.

सगळ्या पानातले आकडे सरसकट उचलायला जाऊ नका. विज्ञानाच्या पेपरात CO₂ मधला २ असतो, गणितातलं वस्तुमान असतं, उपप्रश्नांचे क्रमांक असतात, ते सगळे गुणांत मिसळतात. आणि पेपरात देवनागरी अंक असतील तर नुसतं `eng` लावू नका, ४ चा 8 होऊ शकतो. `conf` म्हणजे प्रोग्रामला त्या शब्दाची किती खात्री आहे, त्या रकान्यात ६० पेक्षा कमी दिसलं की तो आकडा फोटोत डोळ्यांनी बघायचा. शेवटी बेरीज ४० आली पाहिजे. नाही आली तर पुढे जायचंच नाही.

कोयनाकाठचा

मास्तर, मेघनाताई, मनापासून आभार. पान २ डावीकडचंच आहे आणि कड घडीतच गेली आहे. नवा फोटो आला, बेरीज ४० जुळली. आता ६० ची गोम सांगा ना सर.

गणूमास्तर

सांगतो. ६० हे विकल्पासह गुण. पण विकल्प सगळ्या प्रश्नांत सारखा नाही. प्र. १ मध्ये विकल्पच नाही, छापलेले दहाच्या दहा गुण मोजले जातात. प्र. ४ मध्ये छापलेत दहा, मिळणार पाच. सरसकट ६० ने भागलं तर प्र. ४ ला निम्म्याऐवजी पूर्ण मान मिळतो आणि प्र. १ मागे पडतो.

म्हणून प्रत्येक उपप्रश्नाचे गुण त्याच्या विभागातल्या संधीने कमी करा. प्र. ३ मध्ये आठातले पाच, तर ३ गुणांचा उपप्रश्न धरायचा ३ × ५ ÷ ८, म्हणजे १.९ च्या आसपास. प्र. ४ चा पाच गुणांचा प्रश्न अडीच. प्र. २ (अ) चा दोन गुणांचा १.३, प्र. २ (ब) चा १.२. प्र. १ जसाच्या तसा.

तुम्ही धडे लिहिलेत का? दोन-तीन इथे टाका, करून दाखवतो.

कोयनाकाठचा

विद्युतधारेचे परिणाम: प्र. १ (अ) मध्ये एक, २ (ब) मध्ये एक, ३ मध्ये एक, ४ मध्ये विद्युत मोटर.
धातुविज्ञान: १ (ब), २ (अ) आणि ४ मध्ये प्रत्येकी एक.
अवकाश मोहिमा: १ (ब) आणि २ (ब) मध्ये प्रत्येकी एक.

गणूमास्तर

विद्युतधारा: छापील ११. संधीने धरले तर १ + १.२ + १.९ + २.५, म्हणजे ६.६.
धातुविज्ञान: छापील ८, धरायचे १ + १.३ + २.५, म्हणजे ४.८.
अवकाश मोहिमा: छापील ३, धरायचे २.२.

दहाही धड्यांचं असं केलं की बेरीज बरोबर ४० येते. ६० आणि ४० चं भांडण तिथेच मिटतं. वीस तास आणि ४० गुण, म्हणजे गुणाला अर्धा तास. विद्युतधारेला सव्वातीन तास, धातुविज्ञानाला साधारण दोन तास पंचवीस मिनिटं, अवकाश मोहिमांना तासभर.

यानंतर बहिणीला विचारायचं. मोटरची आकृती आणि कार्य तिला आत्ताच न बघता लिहिता येत असेल तर त्या धड्याचा एक तास काढून कच्च्या धड्याला द्या. गुणांवरून निघालेले तास म्हणजे सुरुवात, मुलीची तयारी बघून ते हलवायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. विभागांचा साचा सगळ्या पेपरांत तोच राहतो, त्यावर भरवसा ठेवा. धड्यांची वाटणी एका पेपरवरून धरू नका. मोटर या पेपरात पाच गुणांना आली, दुसऱ्या शाळेत तिथे भिंगांची आकृती असेल. म्हणून ते दोन-तीन पेपर मिळवाच आणि प्रत्येक धड्याची सरासरी काढा. एखाद्या धड्याचा आकडा पेपरागणिक फार हलत असेल तर तो धडा मोठ्या प्रश्नात कधी येतो, कधी नाही, एवढंच समजायचं. त्याचे तास कापायचे नाहीत.

राजा पिंपळे

सर, हे पटलं. पण मग अवकाश मोहिमा सरळ सोडून दिला तर? प्र. १ मधला एकच गुण जातो. २ (ब) मध्ये पाचातले तीन सोडवायचेत, एक गाळला तरी चार उरतात.

गणूमास्तर

या पेपरात कागदावर ते खरं आहे. पण उरलेल्या चारांतले तीन पक्के येत असतील तरच. विकल्प हा परीक्षेत अडलेला प्रश्न सोडण्यासाठी असतो. तो घरीच खर्च केला तर वर्गात हात मोकळा राहत नाही. मी माझ्या मुलांना धडा सोडू देत नाही.

इंजि. सुहास

आमच्या इंजिनिअरिंगच्या ७० गुणांच्या पेपरात 'प्र. १ किंवा प्र. २' अशा जोड्या असतात, १८, १७, १८, १७. एक जोडी म्हणजे एक युनिट. तिथे ही पद्धत लावायची का? प्रत्येक जोडी एकाच युनिटची असल्याने संधी वगैरे लागू होत नाही असं मला वाटतं.

मेघना अत्रे

बरोबर, तुमच्याकडे विभाग हाच धडा. जोडीचे गुण तेच युनिटचे गुण. संधी लावायची असेल तर युनिटच्या आतल्या विषयांना लावा.

कोयनाकाठचा

एक शंका उरली. २ (ब) मधला अवकाश मोहिमांचा प्रश्न म्हणजे उपग्रहाच्या क्रांतिक वेगाचं गणित आहे. पुस्तकात ते दहाव्या धड्यात येतं, पण बहीण म्हणते की तिला अडतं ते G, पृथ्वीचं वस्तुमान आणि त्रिज्येच्या घातांकांची आकडेमोड. तीच आकडेमोड गुरुत्वाकर्षणात आहे. हे १.२ गुण कुठे टाकायचे?

गणूमास्तर

मी पुस्तकाप्रमाणे दहाव्या धड्यात टाकतो, म्हणजे दोन पेपरांची तुलना करताना घोळ होत नाही.

मेघना अत्रे

मी गुरुत्वाकर्षणात टाकेन. तास ती घातांकांच्या सरावाला देणार आहे, मग गुणही तिथेच दिसले पाहिजेत.

कोयनाकाठचा

सध्या 'गणिते' असा वेगळा रकाना करून ठेवतो. दुसऱ्या शाळेचा पेपर आला की दोन्ही तऱ्हांनी लावून इथे टाकतो.