मावशीच्या दुकानाच्या नावाने खोटं खातं: तक्रारीचं पत्र तपासून द्याल का?

तळकोकणी
सावंतवाडीत मावशीचं लाकडी खेळण्यांचं छोटं दुकान आहे. रंगवलेली फळं, भातुकली, पाट असं विकते. फोटोंच्या एका ॲपवर तिचं खातं आहे, `chitaroli_khelni_dukan`. गेल्या आठवड्यात कुणीतरी `chitaroli__khelni_dukan` काढलं. "_" हे चिन्ह लागोपाठ दोनदा आहे, मोबाइलवर ती एकच लांब रेघ वाटते. फोटो तिचेच, दारात उभी असलेली मावशीसुद्धा तीच. खाली "गणपतीच्या ऑर्डरी सुरू, निम्मे पैसे आगाऊ" आणि भलताच क्यूआर कोड. तिघांचे पैसे गेले. त्यातली एक बाई फळांची परडी न्यायला थेट दुकानात आली, तेव्हा आम्हाला पत्ता लागला.

ॲपमध्ये "फसवणूक" निवडून रिपोर्ट केलं, तर "नियमभंग आढळला नाही" असं उत्तर आलं. आता पत्र लिहिलंय:

"महोदय, माझी मावशी अनेक वर्षे प्रामाणिकपणे व्यवसाय करत आहे. काही समाजकंटकांनी बनावट खाते उघडून तिची बदनामी व ग्राहकांची लूट चालवली आहे. तरी त्वरित कठोर कारवाई करावी, ही नम्र विनंती."

काही बदलू का?

गावठी_वकील
पत्रबित्र सोडा. पन्नास जणांना एकदम रिपोर्ट करायला सांगा, खातं आपोआप उडतं. आणि एफआयआर नसेल तर कंपनी दारात उभं करत नाही.

जुना_मॉडरेटर
वकीलसाहेब, पन्नास जणांनी "फसवणूक"च दाबलं तर पन्नास वेळा तेच उत्तर येईल. एफआयआरचीही अट नाही. पोलिसांत जाच, आयटी कायद्याचं कलम ६६ ड याच गुन्ह्यासाठी आहे, पण त्यासाठी पत्र अडवून ठेवू नका.

तळकोकणी, तुमचं पत्र तहसील कचेरीत चाललं असतं. इथे वाचणाऱ्यासमोर अशा तक्रारींची रांग असते आणि तुमच्या पत्रात खात्याचं नावच नाही. शिवाय "लूट" म्हटलं की पैशांचा व्यवहार तपासणं आलं, तो त्याच्या ॲपवर झालेलाच नाही. "ही बाई मी आहे आणि हे खातं माझं नाही" हे मात्र दोन खाती शेजारी ठेवली की दिसतं. म्हणून तक्रार तोतयेगिरीची करा, तीही व्यक्तीच्या. दुकानाच्या नावावर भर दिलात तर ट्रेडमार्कच्या फॉर्मकडे पाठवतील आणि तिथे नोंदणी क्रमांक मागतील.

पत्र ॲपच्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवा. २०२१ च्या आयटी नियमांतला ३(२)(ख) हा नियम नावाने लिहा. तोतयेगिरीची तक्रार त्यात येते आणि पीडित व्यक्तीच्या वतीने दुसऱ्यालाही ती करता येते. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील आहे. नकार आल्यापासून ३० दिवसांच्या आत करा.

आणि त्या खात्याला ब्लॉक केलं नाहीत ना? केलं की तुम्हालाच ते दिसेनासं होतं, मग पुरावा कुठून काढणार?

पाटावरची
माझं पण असंच झालं! ओटीपी दिला आणि खातं गेलं, आता माझ्याच नावाने सगळ्यांना मेसेज जातायत. हेच पत्र चालेल का?

जुना_मॉडरेटर
नाही ताई, तुमचं खरं खातं चोरीला गेलंय. हे पत्र पाठवलंत तर तेच बंद करतील. तुम्हाला खातं परत मिळवण्याचा अर्ज करायचाय, वेगळा धागा काढा.

तळकोकणी
ब्लॉक मावशीने केलंय, पण माझ्या फोनवरून दिसतंय. पुन्हा लिहिलं:

"विषय: व्यक्तीची तोतयेगिरी, नियम ३(२)(ख). खोटे खाते: `chitaroli__khelni_dukan`. खरे खाते: `chitaroli_khelni_dukan`. दुवे सोबत आहेत. खोट्या खात्यावरील पहिल्या फोटोत मी स्वतः आहे. सीताफळाच्या फोटोत माझा हिरवा रंग लागलेला अंगठा दिसतो. तो मूळ फोटो, न कापलेला, जोडला आहे. माझ्या खात्यावर तो दोन वर्षांपूर्वी आला, खोट्यावर गेल्या आठवड्यात. हे खाते माझे नाही, मी कोणालाही परवानगी दिलेली नाही. खाते काढून टाकावे. ओळखपत्र व भाच्याला दिलेले अधिकारपत्र सोबत आहे."

जुना_मॉडरेटर
अंगठा उत्तम. खोट्या फोटोत तो कडेने कापलाय का बघा, असेल तर तेही लिहा. आधारचे पहिले आठ आकडे झाका. इंग्रजी प्रतही जोडा.

गावठी_वकील
आणि त्या तिघांचे पैसे?

जुना_मॉडरेटर
ते या पत्राने येणार नाहीत. ज्याच्या खात्यातून गेले त्याने स्वतः सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करायचा. आठवडा उलटलाय, रक्कम पुढे सरकली असेल तर कठीण आहे. तरी करायला सांगा.

तळकोकणी
अंगठा खरंच कापलाय, अर्धं नखच उरलंय. पत्र पाठवलं, तक्रार क्रमांक आला. पण आत्ता पाहिलं तर त्याने नाव बदलून शेवटी `_1` लावलंय आणि जुना दुवा उघडत नाही. नवीन तक्रार करू की त्याच क्रमांकावर कळवू?

जुना_मॉडरेटर
त्याच क्रमांकावर, नवा दुवा आणि दोन्ही नावांचे स्क्रीनशॉट टाकून. पुढे काय करतात ते इथे लिहा.