मदत हवी आहे: आपली लॅब असल्याचं कधी सांगावं?

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ माझी माती, पाणी आणि देठ परीक्षणाची छोटी लॅब आहे. द्राक्ष बागायतदारांच्या गटाच्या शिवारफेऱ्यांना मी दोन वर्षं जातोय. नियम एकच पाळलाय, कार्ड वाटायचं नाही.

गेल्या फेरीत एका दादांच्या बागेत जुन्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या. सगळे म्हणाले, "पोटॅश कमी पडलंय, म्युरेट सोडा." पण पाण्यात क्लोराईड जास्त असलं तरी कडा अशाच करपतात, आणि म्युरेटमध्ये क्लोराईडच असतं. तसं असेल तर दुखणं वाढणार. मी एवढंच म्हणालो, "दादा, आधी बोअरचं पाणी आणि देठ तपासून घ्या. तोवर पोटॅश द्यायचंच झालं तर सल्फेटमधून द्या." बाग फुलोऱ्यात होती, म्हणून घडासमोरच्या पानाचा देठ कसा काढायचा, पातं लगेच कसं वेगळं करायचं, तेही दाखवलं.

त्यांनी विचारलं, "तपासायचं कुठे?" मी दुसऱ्या दोन लॅबची नावं सांगितली, माझी लपवली. घरी आल्यावर ते खटकलं. परीक्षण करा म्हणणारा स्वतः परीक्षणावर पोट भरतो, हे त्यांना आधी कळायला नको होतं का? उद्या बाहेरून कळलं, तर चांगला सल्लाही संशयास्पद वाटेल.

तुमच्यापैकी जे सल्लागार आहेत, ते हे कसं सांभाळतात? "माझीही लॅब आहे, पण कुठेही तपासा" असं सुरुवातीलाच सांगता, की विचारल्यावरच? आणि बागायतदारांनो, तुम्हाला ते जाहिरातीसारखं वाटतं का?