१२०% म्हणजे व्हिडिओ हिट? काहीही!

सराफा_कट्टा: "६ सेकंदांचा जीरावन मसाल्याचा यूट्यूब शॉर्ट, सरासरी १२०% बघितला गेला. ४० सेकंदांचा पोह्यांचा, ७५%. विषय संपला. यापुढे दहा सेकंदांच्या वर काही काढणं मूर्खपणा."

राजवाडा_रात्रपाळी: टक्के कशाचे ते तरी बघा, साहेब! तुमचे १२०% म्हणजे ७.२ सेकंद, आणि ७५% म्हणजे ३० सेकंद.
आता दहा प्रेक्षक घ्या. दोघांनी फोन ओट्यावर टेकवून कणीक मळली, व्हिडिओ पाच-पाच वेळा फिरला: ६० सेकंद. बाकी आठांनी दीड सेकंदात अंगठा सरकवला: १२. एकूण ७२, भागिले दहा, ७.२. आले की १२०%! दहातले आठ पळाले आणि तुम्ही पेढे वाटताय.

बडोदेकर_७: सरासरी फसवते, मान्य. म्हणून तर रिटेन्शनचा आलेख बघायचा, कुठला क्षण किती वेळा बघितला गेला ते कळतं. सुरुवातीलाच कोसळला तर लोक पळाले, सोपं आहे.

राजवाडा_रात्रपाळी: मोठ्या व्हिडिओला सोपं. इथे पहिला क्षण दहा जणांनी एकदा आणि त्या दोघांनी आणखी चार-चारदा पाहिला, म्हणजे १८०%. दीड सेकंदानंतर दोघेच, पाच-पाच वेळा: १००%. आता दुसरी दहा माणसं घ्या, सगळ्यांनी पूर्ण पाहून पुन्हा १.२ सेकंद पाहिलं. आलेख २००% वरून १००% वर. ठेवा दोन्ही शेजारी आणि सांगा, कुठले पळाले?

बडोदेकर_७: ...बरं. मग फीडमध्ये किती थांबले, किती सरकले, तो आकडा.

राजवाडा_रात्रपाळी: हां, आता बोललात! आणि तुलना करायची तर ६ सेकंदांची ६ सेकंदांशीच.

ओट्यावरून: तुमचं गणित राहू द्या. त्या जीरावनाच्या व्हिडिओत सात मसाले, प्रमाणासकट, दोन सेकंद दिसतात! मी चार वेळा फिरवला तो आवडला म्हणून नाही, धणे किती ते दिसेना म्हणून.

सराफा_कट्टा: काकू, टॅप करून थांबवा ना.

ओट्यावरून: थांबवला. शेवटची ओळ चॅनलच्या नावाखाली, उजवीकडचे आकडे लाइकच्या बटणाखाली. मजकूर जरा वर, डावीकडे घ्यायला काय जातं?

सराफा_कट्टा: पण फिरवलात ना? व्ह्यूज वाढले!

राजवाडा_रात्रपाळी: वाढणारच. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरतं, किमान वेळेची अट नाही. पैसे मात्र एंगेज्ड व्ह्यूजवर, म्हणजे लगेच न सरकवता जे बघत राहिले त्यांच्यावर. तो रकाना उघडलात का?

बडोदेकर_७: तरी लूप अगदीच फालतू नाही. शेवटची फ्रेम पहिलीशी जुळवली, वाक्य अर्धं तोडून सुरुवातीला जोडलं, की माणूस नकळत पुन्हा बघतो. ते कौशल्यच आहे.

राजवाडा_रात्रपाळी: शिवणकामाचं कौशल्य. जीरावन आवडलं का, हे त्यातून कळत नाही.

सराफा_कट्टा: धन्य आहात सगळे. पोह्यांचा ठेवतो. जीरावनाचा मजकूर वर घेऊन, पाच सेकंद दाखवून पुन्हा टाकतो. १२०% चे ८०% झाले तर बिल तुमच्या नावावर.

ओट्यावरून: धणे किती ते इथेच सांगा की.