‘हायब्रिड मॉडेल’ला संकरित म्हणायचं का? आणि गेनमधलं ते मायनस

अक्षरवेल: ट्रान्झिस्टरवरच्या काही नोट्स मराठीत लिहायला घेतल्यात आणि एका शब्दाशी येऊन अडकलेय. ‘स्मॉल सिग्नल हायब्रिड मॉडेल’. मी पहिल्या खर्ड्यात ‘लघुसंकेत संकरित प्रतिमान’ असं लिहिलं आणि मलाच ते वाचून बियाणांची जाहिरात वाटली. यातलं हायब्रिड नक्की कशाचं कशाशी मिसळलंय? ते कळलं तर शब्द सापडेल असं वाटतंय. कॉमन एमिटरच्या गेनचं डेरिव्हेशन पण याच प्रकरणात आहे, तेव्हा शब्द असा हवा की वाचणाऱ्याला पुढचं गणित परकं वाटू नये.

शून्यबायस: सोपंय की. बायपोलर म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही वाहतात, दोघांचं मिश्रण म्हणून हायब्रिड. संकरित अगदी बरोबर आहे, बदलू नका.

तारजोड: नाही हो, तसं नाहीये. दोन्ही प्रकारचे वाहक असतात हे खरं, पण त्यावरून ‘बायपोलर’ हे नाव पडलं. हायब्रिड हा शब्द ट्रान्झिस्टरच्या पोटातल्या कशाबद्दलच नाही, तो आपण त्याचा हिशोब कसा मांडतो त्याबद्दल आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे एक बंद डबा समजा, आत जायला एक जोडी तारा, बाहेर यायला एक जोडी. एकूण चार गोष्टी मोजता येतात, आतल्या बाजूचं व्होल्टेज आणि करंट, बाहेरच्या बाजूचं व्होल्टेज आणि करंट. त्यातल्या दोन आपण हातात धरायच्या आणि उरलेल्या दोन त्यांच्यावरून काढायच्या. दोन्ही करंट हातात धरले तर सगळे आकडे ओहममध्ये येतात, दोन्ही व्होल्टेज धरले तर सगळे सीमेन्समध्ये. इथे मात्र आतला करंट आणि बाहेरचं व्होल्टेज असं एकेक धरलंय, म्हणून चार आकड्यांची एककं वेगवेगळी येतात. हे बघा:

```
vbe = hie·ib + hre·vce
ic  = hfe·ib + hoe·vce
```

hie ओहममध्ये, hoe सीमेन्समध्ये, आणि मधल्या दोघांना एककच नाही, ते नुसते पट आहेत. हीच ती भेसळ, म्हणून h.

अक्षरवेल: अरे वा, म्हणजे एककांची सरमिसळ! मग ‘मिश्र’ बरा की, संकरित म्हटलं की दोन जातींपासून तिसरी झाली असं वाटतं, इथे तसं काहीच झालेलं नाही. पण असं एक हे एक ते धरायची गरज काय होती, सरळ दोन्ही करंट का नाही धरले?

तारजोड: मोजायला सोपं जातं म्हणून. hfe आणि hie मोजताना बाहेरची बाजू सिग्नलपुरती शॉर्ट करायची, म्हणजे कलेक्टरवर एक मोठा कपॅसिटर लावला की झालं. बाहेरचा रोध मुळातच जास्त असल्यामुळे ते शॉर्ट चांगलं साधतं. hre आणि hoe साठी आतली बाजू सिग्नलपुरती उघडी ठेवायची, तिथे रोध कमी, त्यामुळे बेसला मोठ्या रेझिस्टरमधून बायस दिला तरी ती उघडी असल्यासारखीच वागते. दोन्हीकडे उघडं ठेवून मोजायचं म्हटलं असतं तर कलेक्टरचा करंट नीट राखून सिग्नलला मात्र उघडं दाखवायचं, ते किचकट काम आहे.

काठावरचा: हायब्रिड पाय म्हणतात तेच ना हे? मग पाय पण मराठीत आणा.

तारजोड: ते वेगळं मॉडेल आहे. त्यात ट्रान्सकंडक्टन्स आणि आतले कपॅसिटर दाखवतात, म्हणून जास्त फ्रिक्वेन्सीला ते उपयोगी पडतं. अक्षरवेल म्हणतायत ते h-पॅरामीटरचं, ऑडिओच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीला पुरतं. नावातल्या सारखेपणामुळे बरेच जण दोन्ही एकच धरतात, तेव्हा मराठी शब्द करताना तरी दोन्हीला एकच देऊ नका.

अक्षरवेल: डेरिव्हेशनमध्ये मी कुठे अडकते ते सांगते. vce = -ic·RL लिहितात तिथे. RL म्हणजे लोड, मग कलेक्टरचा RC कुठे गेला? आणि शेवटी गेन मायनस येतो त्याला मी ‘ऋण वर्धन’ लिहिलं तर माझ्या धाकट्या बहिणीने विचारलं की वर्धन ऋण म्हणजे सिग्नल कमी होतो का.

तारजोड: बहिणीने बरोबर जागी बोट ठेवलं. आधी RL. सप्लायची तार डीसीला १० व्होल्टवर असते, पण सिग्नलपुरतं बघितलं तर ती हलतच नाही, आणि जे हलत नाही ते सिग्नलच्या हिशोबात ग्राउंडच. म्हणून RC चं वरचं टोक आणि बाहेरच्या लोडचं खालचं टोक दोन्ही ग्राउंडला, म्हणजे दोघं समांतर. RC ४.७ किलोओहम आणि पुढे १० किलोओहम असेल तर RL जवळपास ३.२ किलोओहम. आता मायनस. ic कलेक्टरमधून आत जातो असं धरलंय, तो वाढला की RL वर जास्त व्होल्टेज पडतं आणि कलेक्टर खाली येतो. मायनस एवढंच सांगतो की बेस वर गेला तर कलेक्टर खाली जातो. लहान होतो असं नाही. मी ‘उलटा’ म्हणेन, १२० पट उलटा. पुढचं गणित असं:

```
ic = hfe·ib − hoe·RL·ic
ib = −vce·(1 + hoe·RL) / (hfe·RL)
vbe = −vce·[hie·(1 + hoe·RL) − hfe·hre·RL] / (hfe·RL)

Av = vce/vbe = −hfe·RL / [hie + (hie·hoe − hfe·hre)·RL]
```

पहिली ओळ दुसऱ्या समीकरणात vce घालून येते, तीवरून ib, आणि तो ib पहिल्या समीकरणात. एवढंच.

शून्यबायस: hre म्हणजे आउटपुट परत इनपुटला, म्हणजे फीडबॅक, म्हणजे गेन कमी. मग खाली मायनस कसा काय, तो तर गेन वाढवतोय.

तारजोड: फीडबॅक बरोबर, पण फीडबॅक म्हटला की गेन कमीच होतो असं नाही. आउटपुट उलटा आहे ना, vbe वर जाताना vce खाली, मग hre·vce ऋण. म्हणजे hie वर पडणारं व्होल्टेज उलट वाढतं, ib थोडा जास्त, गेन थोडा जास्त. hoe मात्र कलेक्टरचा थोडा करंट आतल्या आत वळवतो, तो गेन कमी करतो. दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. आकडे घालू, १ मिलीअँपला hie = २६०० ओहम, hfe = १००, hre = ०.०००२, hoe = २० मायक्रोसीमेन्स:

```
hie·hoe = 0.052
hfe·hre = 0.02
Av = −100·3200 / (2600 + 0.032·3200) = −118.4
```

दोन्ही सोडून दिले तर −१२३ येतो, साधारण चार टक्क्यांचा फरक. आणि गंमत म्हणजे फक्त hre सोडला आणि hoe ठेवला तर −११५.७, म्हणजे आता चूक दुसऱ्या बाजूला. म्हणून सोडायचे तर दोघं मिळून सोडा. hoe·RL ०.१ पेक्षा कमी असलं तर मी बिनधास्त सोडतो, इथे ते ०.०६४ आहे.

काठावरचा: मी अगदी हेच सर्किट ब्रेडबोर्डवर लावलं होतं, १० व्होल्ट सप्लाय, बेसला ४७ के आणि १० के, एमिटरला १ के, कलेक्टरला ४.७ के. गेन आला जेमतेम ३. ट्रान्झिस्टर तीनदा बदलला, तरी तेच. म्हणजे हे सूत्र कागदावरच ठीक आहे.

तारजोड: एमिटरच्या १ के ला समांतर कपॅसिटर लावला होता का? वरच्या सूत्रात एमिटर सिग्नलपुरता थेट ग्राउंडला आहे. कपॅसिटर नसेल तर खाली hie च्या जोडीला (१ + hfe) पट १ के येतो, म्हणजे १०१ किलोओहम, आणि ३२०००० भागिले १०३६०० केलं की ३.०९. तुमचा ३ बरोब्बर आलाय. ट्रान्झिस्टर बदलून फरक पडला नाही हीच खूण, hfe वर-खाली दोन्हीकडे आहे.

काठावरचा: कपॅसिटर नव्हता. डीसी नीट आलं म्हणून मी तो विषयच सोडून दिला होता. उद्या लावून बघतो.

अक्षरवेल: hfe वर-खाली दोन्हीकडे म्हणालात त्यावरून, कपॅसिटर असताना hfe दुप्पटचा ट्रान्झिस्टर लावला तर गेन दुप्पट व्हायला हवा ना? सूत्रात तो वरच आहे.

तारजोड: वर दिसतो पण खाली लपलेलाही आहे. hie = hfe × २६ मिलीव्होल्ट / कलेक्टर करंट, म्हणून hfe दुप्पट तर hie पण दुप्पट, आणि गेन जवळपास तिथेच. उरतं काय, १ मिलीअँप भागिले २६ मिलीव्होल्ट गुणिले ३.२ के, परत १२३. म्हणजे गेन ठरवतो तो बायसचा करंट. आणि तुमचा ‘लघु’ शब्द पण याच २६ मिलीव्होल्टशी बांधलेला आहे. सिग्नल सप्लायच्या तुलनेत लहान आहे का हा प्रश्नच नाही, बेसवर तो २६ मिलीव्होल्टच्या तुलनेत लहान हवा. बेसवर १० मिलीव्होल्ट पीक दिले तर आउटपुट सव्वा व्होल्टच्या आतच, कलेक्टरला जागा भरपूर, तरीही दुसरा हार्मोनिक जवळपास दहा टक्के. स्कोपवर बघा, खालचा अर्धा टोकदार आणि खोल, वरचा पसरट. कुठेही कापलं गेलेलं नसतं, तरी आकार बिघडलेला असतो.

अक्षरवेल: हे लिहूनच ठेवते. मग ‘लघु’ ऐवजी ‘अल्प’ लिहावं का? लघु म्हटलं की नुसता आकार कळतो, अल्पमध्ये कशाच्या तरी मानाने कमी हा भाव आहे असं मला वाटतं.

शून्यबायस: स्मॉल सिग्नल म्हणजे छोटा ट्रान्झिस्टर, पॉवर ट्रान्झिस्टर नव्हे तो, असं मी समजत होतो. डेटाशीटवर तसंच लिहिलेलं असतं की.

तारजोड: तो वापर पण आहे, पण तिथे ते ट्रान्झिस्टरचं वर्णन आहे, इथे हिशोबाचं. डेटाशीट बघताच आहात तर अजून एक, hFE मोठ्या अक्षरात असेल तर तो डीसीचा, hfe लहान अक्षरात तो सिग्नलचा. मराठीत लिहिताना दोन्ही ‘एचएफई’ होऊन जातात आणि फरक मरतो, म्हणून चिन्हं रोमनच ठेवा.

काठावरचा: कपॅसिटर लावला, १०० मायक्रोफॅरड, १ किलोहर्ट्झ. गेन ९०. आनंद झाला पण ११८ का नाही? जनरेटरवर ५ मिलीव्होल्ट लावलेत.

तारजोड: बेसवर स्कोप लावून मोजलेत की जनरेटरचा आकडा धरलात? जनरेटरचा आतला रोध किती?

काठावरचा: जनरेटरचा धरला. जुना आहे, ६०० ओहम.

तारजोड: मग तिथेच गेले. बेसकडून दिसणारा रोध २५४० ओहम, त्याला ४७ के आणि १० के समांतर, मिळून साधारण १९४० ओहम. ६०० आणि १९४० मध्ये सिग्नल वाटला गेला, बेसला मिळाला ७६ टक्के. ११८ चे ७६ टक्के ९०. तरी बेसवर मोजून बघाच, तुमच्या ट्रान्झिस्टरचा hfe १०० च आहे हे मी धरून चाललोय, आणि इथे मात्र hfe ने फरक पडतो.

काठावरचा: मोजतो. ५ मिलीव्होल्ट स्कोपवर गवतासारखे दिसतायत, आधी ते निस्तरावं लागेल.

अक्षरवेल: मी सध्या ‘अल्पसंकेत मिश्र-एकक प्रतिमान’ लिहिलंय आणि सूत्रात गेनला ‘पट’.

शून्यबायस: पट चांगला आहे, पण उणे ११८ पट वाचताना अडखळायला होतं. आणि मिश्र-एकक खूप लांब झालं, हायब्रिडच ठेवा, आता तर मला पण कळलं कशाचं ते.