मण्यारीचा दंश आणि आपले रखवालदार: ग्रुपवरील चर्चा

सचिव, बी-२०४: सर्व सभासदांस नमस्कार. रविवारी पहाटे केबिनमध्ये जमिनीवर झोपलेल्या आपल्या रखवालदारांना मण्यार चावली असावी, असे डॉक्टरांचे निदान आहे. चार वाजता त्यांचे पोट दुखू लागले, म्हणून जवळच्या दवाखान्यात नेले असता पित्ताचे औषध देऊन परत पाठवले. सहाच्या सुमारास त्यांना पापण्या उचलता येईनात, थुंकीही गिळवेना, तेव्हा मोठ्या रुग्णालयात हलवले. सध्या ते व्हेंटिलेटरवर असून प्रकृती सुधारत आहे.

ए-५०१: मी स्वतः टॉर्च लावून त्यांचे हातपाय पाहिले होते. दाताची खूण नव्हती, सूजही नव्हती.

डॉक्टर, सी-१०२: मण्यारीच्या बाबतीत हीच फसगत होते. तिचे दात बारीक असतात, दंश बहुधा दुखत नाही आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. घोणस चावली तर जागा सुजते आणि रक्त गोठेनासे होते. त्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ते 20 मिनिटे न हलवता ठेवतात. मण्यारीच्या दंशात मात्र हे रक्त व्यवस्थित गोठते, त्यामुळे केवळ त्या चाचणीवर विसंबून रुग्णाला घरी पाठवणे धोक्याचे आहे. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर खूण सापडो वा न सापडो, सर्पदंशाची शंका घ्यावी.

बी-६०३: आमच्या गावी दंशाच्या वर दोरी करकचून बांधतात आणि मिरची खायला देतात, तिखट लागली नाही तर विष चढले, असे समजतात.

डॉक्टर, सी-१०२: मिरचीच्या चवीवरून विषाचा काहीच अंदाज येत नाही, उलट गिळता न येणाऱ्याच्या घशात ती अडकायची. आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येते. जखम कापू नये, चोखू नये. अंगठी, जोडवी, पैंजण काढावेत, हाडमोडीला लावतो तशी फळी सैलसर बांधून अवयव स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि 108 ला फोन करावा. वाटेतच रुग्णालयाला दोन प्रश्न विचारावेत: प्रतिसर्पविष आहे का आणि व्हेंटिलेटर मोकळा आहे का? मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा केली की प्रतिसर्पविष ती भरून काढू शकत नाही. ती भरून येईपर्यंत श्वास यंत्रानेच चालवावा लागतो.

ए-५०१: मग सोसायटीच्या प्रथमोपचार पेटीत ते इंजेक्शन आणून ठेवावे का?

डॉक्टर, सी-१०२: नको. ते शिरेतून, सुरुवातीलाच साधारण 10 कुप्या, असे द्यावे लागते आणि त्याची तीव्र अॅलर्जी येऊ शकते. तेव्हा अॅड्रेनलीन हाताशी लागते. त्याऐवजी केबिनमध्ये खाट आणि कडा गादीखाली खोचता येईल अशी मच्छरदाणी द्यावी.

सचिव, बी-२०४: खाट आजच मागवतो.