अनुभव धागा: कुल्ल्यातून पोटरीत उतरणारी कळ

मंजिरी
आज लिफ्टमध्ये एक जण एका अंगाला कलून उभे होते, डावी टाच अधांतरी. शिंक आली तसा त्यांनी घाईने भिंतीला हात लावला आणि मी लगेच ओळखलं, सायटिका! म्हणून हा धागा. घरच्या घरी नेमकं काय केल्यावर कळ उतरते ते लिहा. 'काळजी घ्या' नको, ते सगळेच सांगतात. सुरुवात मी करते: शिंक येणार वाटलं की उभं राहायचं, गुडघे किंचित सैल, हात भिंतीला, कंबर थोडी मागे. बसून, पुढे वाकून शिंकलं की कळ थेट पोटरीत.

नाना
सोपं आहे. शीर आखडलेली असते, ती ताणून मोकळी करायची. पाय सरळ करून बसा, अंगठे धरा, एक मिनिट. सकाळी उठल्या उठल्या.

विदुला
नाना, तेवढं सकाळचं वाकणं नको हो. रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकणं सगळ्यात महागात पडतं. आणि मांडीमागे जे ताणल्यासारखं वाटतं तो बऱ्याचदा स्नायू नसतो, चिडलेली शीरच असते. ती ओढली की आणखी चिडते. शीर हलवायची, ताणून धरायची नाही. खुर्चीत बसून गुडघा हळू सरळ करताना मान वर, पाय खाली आणताना मान खाली. 8-10 वेळा, कळ सुरू व्हायच्या आत थांबायचं.

शेखर
बारा दिवस झाले, डावा पाय, पोटरीपर्यंत. कालपासून पालथा झोपतोय. पोटरी मोकळी झाली पण कंबर जास्त दुखायला लागली. बिघडलं ना? बंद करू?

विदुला
उलट, चालू ठेवा. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, तिथून कमरेत अशी वर सरकत गेली तर ते सुधारणेचं लक्षण, मग कंबर काही दिवस जास्त दुखली तरी चालेल. खाली उतरत गेली तर तो व्यायाम तुमच्यासाठी चुकीचा. किती दुखतंय यापेक्षा कुठपर्यंत दुखतंय ते बघा.
आधी पाच मिनिटं नुसतं पालथं पडा. मग कोपरांवर टेकून दोन-तीन मिनिटं. पाय हलका वाटला तरच तळहातांवर जोर देऊन छाती उचला, कंबर आणि कुल्ले सैल, जमिनीलाच. 10 वेळा, दर दोन-तीन तासांनी. चूक होते ती इथेच: लोक कुल्ले आवळून कमरेच्या जोरावर उठतात. जोर हातांचाच हवा.

नाना
म्हणजे भुजंगासनच की! मग सगळ्यांनी तेच करावं.

विदुला
सगळ्यांनी नाही. वय झाल्यावर मणक्यातली वाट अरुंद झालेली असेल तर मागे वाकलं की पाय भरून येतात, पुढे झुकून ट्रॉली ढकलत चाललं की बरं वाटतं. त्यांना उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं मानवतं.

पल्लवी
माझी टाच दुखते सकाळी पहिलं पाऊल टाकलं की. हे सायटिकाच का?

मंजिरी
पल्लवी, नुसती टाच आणि चार पावलांत कमी होत असेल तर बहुधा तळव्याचं दुखणं. वेगळा धागा काढ गं.

ओंकार
पालथं पडलो की मुलगा पाठीवर घोडा घोडा खेळतो, हा प्रकार कोणत्या पायरीत बसतो? 😅 बाकी मागच्या खिशातलं पाकीट काढा आधी. आणि शेक की बर्फ?

मंजिरी
घोडा नको 😂 शेकाचं म्हणशील तर 15-20 मिनिटं, ज्याला जे मानवेल ते. दोन्हीने दुखणं तात्पुरतं दबतं.

नाना
मला बर्फ मुळीच पटत नाही.

विदुला
नका लावू 🙂 पण पडूनही राहू नका. एक-दोन दिवस ठीक, पुढे दर अर्ध्या तासाने चार पावलं चाला. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं.
मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी अडली, सुटली तर मात्र त्याच क्षणी इस्पितळ, रात्र असली तरी. शेखर, एक बघा: भिंतीला बोटं टेकून एका पायाच्या चवड्यावर 10 वेळा उठा, दोन्ही पायांनी वेगवेगळं. मग टाचांवर चालून बघा.

शेखर
टाचांवर चाललो, ठीक. चवड्यावर उजवा दहाही वेळा उठला. डावा सहाव्यालाच बसला, दुखत नव्हतं तरी टाच उचलेना.

विदुला
मग जोर कमी झालाय. हे घरी धरून बसायचं नाही, उद्याच डॉक्टरांना दाखवा आणि 'सहाव्याला टाच उचलेना' हेच शब्द सांगा. तोवर पालथं पडणं चालेल, पोटरी मोकळी राहत असेल तर.